उत्तर पर्यायांत सापडतं, तरी चुकतं: लूपचे प्रश्न कागदावर कसे सोडवावेत

प्रश्न: मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. थोडंफार सी येतं. प्लेसमेंटच्या अॅप्टिट्यूडमध्ये स्यूडोकोडचे लूपवाले प्रश्न असतात, त्यात माझं उत्तर जवळजवळ नेहमी चार पर्यायांपैकी एक असतं, म्हणून टिक करून पुढे जातो. नंतर कळतं की चुकलं. तोंडी करतो, कारण प्रत्येक ओळ लिहीत बसलो तर वेळ पुरणार नाही असं वाटतं. वेग न घालवता अचूकता कशी आणू?

उत्तर:

मी गेली बरीच वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजांत प्लेसमेंटच्या आधीचं ट्रेनिंग घेतो, आणि सराव परीक्षांसाठी असे प्रश्न स्वतः तयारही करतो. त्या दुसऱ्या कामाच्या अनुभवावरून सांगतो: तुमची खरी अडचण वेगाची नाही. उत्तर पर्यायांत दिसलं की ते बरोबर असणार, हा विश्वास तुम्हाला नडतोय.

गणिताच्या प्रश्नात आकडेमोड चुकली तर बऱ्याचदा भलताच आकडा येतो आणि आपण थबकतो. लूपच्या प्रश्नात तसं होत नाही. प्रश्न काढणारा आधी बरोबर उत्तर काढतो, मग विचार करतो की विद्यार्थी कुठे घसरेल, आणि त्या प्रत्येक घसरण्यातून येणारा आकडा पर्याय म्हणून ठेवतो. मीही तेच करतो. नाहीतर प्रश्नाला अर्थच उरत नाही, कारण तीन पर्याय उगाच टाकलेले असले तर अंदाजानेही बरोबर पर्याय उचलता येतो. म्हणजे तुमचं उत्तर पर्यायांत आहे याचा अर्थ इतकाच, की तुम्ही एक तर बरोबर आहात, नाहीतर नेहमीच्या तीन चुकांपैकी एक केली आहे.

हे नुसतं सांगून पटणार नाही. एक प्रश्न घेऊ.

```
Integer a, b, i
Set a = 10, b = 1, i = 1
while (a > b)
    a = a - i
    b = b + a / 3
    i = i + 1
end while
Print a + b + i
```

पर्याय: १३, १५, १६, १७. पुढे वाचण्याआधी कागदावर करून बघा, आणि आलेलं उत्तर बाजूला लिहून ठेवा.

आता माझी पद्धत. व्हेरिएबल जितके तितके रकाने, आणि सगळ्यांत डावीकडे एक रकाना कंडिशनचा. तो डावा रकाना फार जण आखतच नाहीत. माझ्या वर्गात मी त्याच्याशिवाय कागद तपासत नाही. त्या रकान्यात `T` किंवा `F` एवढंच न लिहिता कंडिशनमधले आकडे उतरवायचे. `10>1` असं लिहिलं की तपासणी खरंच झालेली असते. नुसतं `T` लिहिताना हात सवयीने पुढे जातो.

```
कंडिशन        a     b     i
(सुरुवात)     10    1     1
10>1   T      9     4     2
9>4    T      7     6     3
7>6    T      4     7     4
4>7    F
```

छापलं जाणार `4 + 7 + 4`, म्हणजे १५.

ओळीओळीने बघू. पहिल्या फेरीत a दहावरून नऊ झाला. पुढच्या ओळीत `a / 3` आहे, तर तिथला a नऊच, दहा नाही. तो एका ओळीपूर्वी बदलला आहे. म्हणून b झाला १ + ३ = ४. मग i दोन झाला. दुसऱ्या फेरीत a मधून i वजा करायचा, आणि i आता दोन आहे, म्हणून a सात. सात भागिले तीन, पूर्णांकात दोन. b झाला सहा. तिसऱ्या फेरीत सात वजा तीन चार, चार भागिले तीन एक, b सात, i चार. मग चौथ्यांदा कंडिशन तपासली, ती खोटी निघाली, लूप संपला.

आता बाकीचे तीन पर्याय कुठून आले ते बघा. तुमचा आकडा यांत असेल तर तुमची चूक कुठली ते तिथेच कळेल.

१७ येतो जुनी किंमत वापरली की. फेरीच्या सुरुवातीला a दहा होता, म्हणून b काढतानाही दहाच धरला. पहिल्या फेरीत १० भागिले ३ पण तीनच येतात, त्यामुळे चूक दिसत नाही. दुसऱ्या फेरीत सातऐवजी नऊला तीनने भागलं जातं, b सहाऐवजी सात होतो, `7>7` खोटं ठरतं, आणि लूप एक फेरी आधीच थांबतो. शेवटी ७ + ७ + ३. तोंडी करणाऱ्यांकडून ही चूक सर्वांत जास्त होते, कारण डोक्यात पूर्ण फेरीचं चित्र एकदम धरलेलं असतं: "a मधून i जातो, b मध्ये a चा तिसरा हिस्सा येतो". दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात असं मन समजतं. कोडमध्ये एका वेळी एकच ओळ चालते. बरोबरीच्या चिन्हाच्या उजवीकडची सगळी किंमत त्या क्षणाला जे आहे त्यावरून काढायची, आणि ती डावीकडच्या नावात गेली की जुनी किंमत संपली. म्हणून माझ्या तक्त्यात किंमत बदलल्या बदलल्या लिहायची, फेरी संपेपर्यंत थांबायचं नाही.

१३ येतो लूप मध्येच सोडला की. तिसऱ्या फेरीत a चार झाला, तेव्हा b अजून सहाच आहे. चार हा सहापेक्षा मोठा नाही, हे लगेच डोळ्यांत भरतं आणि विद्यार्थी तिथेच लूपमधून बाहेर पडतो: ४ + ६ + ३. `while` ची कंडिशन सतत पहारा देत नसते. ती फक्त फेरीच्या दाराशी तपासली जाते. एकदा आत शिरलं की `end while` पर्यंतच्या सगळ्या ओळी चालणारच, मध्ये `break` सारखं काही असेल तरच अपवाद. कंडिशनचा स्वतंत्र रकाना मी यासाठीच ठेवतो. ओळीच्या डावीकडे एकदाच लिहायची, आणि ओळ भरून होईपर्यंत तिकडे बघायचं नाही.

१६ येतो अपूर्णांक धरले की. सात भागिले तीन २.३३, चार भागिले तीन १.३३, बेरीज १५.६७, आणि "असा पर्याय नाही, मग जवळचा सोळा". पहिल्या ओळीत `Integer` लिहिलंय ते याचसाठी. दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच, दशांश चिन्हानंतरचं टाकून द्यायचं, जवळच्या आकड्यावर न्यायचं नाही. ही चूक हुशार मुलं करतात, कारण त्यांना भागाकार बरोबर येतो! म्हणून प्रश्न उघडल्यावर पहिली ओळ वाचल्याशिवाय खाली उतरू नका. `Integer` असेल आणि खाली कुठे `/` असेल तर कागदावर त्या चिन्हाभोवती गोल करा.

इथपर्यंत जे सांगितलं ते पक्कं आहे. आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी.

स्यूडोकोड ही कुठली ठराविक भाषा नाही, त्यामुळे काही जागी नियम प्रश्नकर्त्याच्या मनात असतो. कॅपजेमिनी, इन्फोसिस, अॅक्सेंचर यांच्या भरतीच्या तयारीसाठी जे प्रश्न फिरतात त्यांची लिहिण्याची ढबही एकसारखी नसते. कधी `Set x = 5`, कधी `x ← 5`, कधी चक्क सी सारखं `for(i=1; i<=5; i++)`. बहुतेक वेळा याने फरक पडत नाही. एका ठिकाणी मात्र पडतो: `for` लूपच्या आत त्याचाच मोजणारा व्हेरिएबल बदलला असेल तेव्हा.

```
Integer i, s
Set s = 0
for (each i from 1 to 6)
    s = s + i
    i = i + 1
end for
Print s
```

सी च्या पद्धतीने बघितलं तर आत वाढवलेला i खराच वाढतो आणि लूप स्वतः त्यात आणखी एक मिळवतो. म्हणजे आत शिरताना i असतो १, मग ३, मग ५. s होतो १, ४, ९. पाच नंतर आत सहा, लूपचा एक मिळून सात, आणि सात हा सहाच्या पलीकडे, म्हणून थांबायचं. उत्तर ९. पायथनच्या पद्धतीने बघितलं तर प्रत्येक फेरीला i पुढच्या आकड्यावर नव्याने बसतो, आत काय केलं याची लूपला फिकीर नसते. मग १ ते ६ ची सरळ बेरीज, २१.

दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. मग परीक्षेत काय करायचं? आधी सूचना वाचा, कधीकधी भाषा किंवा नियम दिलेला असतो. नसेल तर पर्याय बघा. दोघांपैकी एकच आकडा तिथे असेल तर प्रश्न मिटला. दोन्ही असतील तर मी सी च्या पद्धतीने जाईन. कारण आत `i = i + 1` मुद्दाम लिहिण्यामागे प्रश्नकर्त्याचा काहीतरी हेतू असणार, आणि ज्या पद्धतीत त्या ओळीचा परिणामच होत नाही ती धरली तर ती ओळ लिहायचं कारण उरत नाही. हा तर्क आहे, हमी नाही.

आणि `from 1 to 6` मध्ये सहा धरायचा की नाही? धरायचा. अशा इंग्रजी धाटणीच्या ओळीत दोन्ही टोकं आत असतात. `i < 6` लिहिलं असेल तर मात्र पाचवरच थांबा. पायथनच्या `range` ची सवय असलेल्यांची इथे एक फेरी कमी पडते.

बिटवाइज चिन्हांबद्दल एवढंच की `^` म्हणजे घात समजू नका, ते एक्सॉर असतं. पुष्कळदा प्रश्नाखाली टीपेत तसं दिलेलंही असतं, आणि ती टीप न वाचताच मुलं दोनाचा तिसरा घात काढून मोकळी होतात.

आता वेळेकडे येतो, कारण तुमचा खरा आक्षेप तोच आहे. वरचा तक्ता पुन्हा बघा: पाच ओळी, पंधरा-सोळा छोट्या नोंदी. सराव असलेल्या मुलाला हे लिहायला एक मिनिटसुद्धा लागत नाही. तोंडी करणाऱ्याला पहिल्यांदा तेवढाच वेळ लागतो, आणि तिसऱ्या फेरीत "i दोन होता की तीन?" असं झालं की तो पहिल्यापासून सुरू करतो. वेळ जातो तो त्या दुसऱ्यांदा करण्यात. शिवाय कागदावर लिहिलेलं असलं तर शंका आल्यावर फक्त एक ओळ तपासायची असते. घरून कॅमेऱ्यासमोर द्यायच्या काही परीक्षांत कागद चालत नाही, ते आधीच्या सूचनांत बघून ठेवा. तशी परीक्षा असेल तर सरावही तसाच करा: फक्त शेवटची ओळ मनात धरायची, आणि प्रत्येक बदलानंतर सगळे आकडे ठरलेल्या क्रमाने पुटपुटायचे. "चार, सात, चार." क्रम कधी बदलायचा नाही.

वेळ खरंच पुरत नाही ते प्रश्न वेगळे. लूप पन्नास किंवा शंभर फेऱ्यांचा असतो आणि तक्ता पूर्ण भरणं शक्यच नसतं. तिथे पूर्ण ट्रेस करणं अपेक्षितही नाही. पहिल्या चार-सहा ओळी भरायच्या आणि आकडे परत फिरतात का ते बघायचं.

```
Integer x, i
Set x = 1
for (each i from 1 to 50)
    x = (x * 3) mod 10
end for
Print x
```

x चालतो ३, ९, ७, १, आणि मग पुन्हा ३. चार फेऱ्यांनी चक्र पुरं होतं. पन्नासला चारने भागलं की बाकी दोन, म्हणून चक्रातली दुसरी किंमत: ९.

इथे एक सापळा आहे आणि तो चांगल्या मुलांनाही पकडतो. त्याच जागी ही ओळ ठेवा:

```
x = (x + i) mod 10
```

सुरुवात x = 0 ने. पहिल्या चार फेऱ्यांत x येतो १, ३, ६, ०. शून्य परत आला! विद्यार्थी लगेच म्हणतो चक्र चारचं, पन्नास भागिले चार बाकी दोन, उत्तर ३. पण पाचवी फेरी करून बघा: ० + ५ म्हणजे ५, मग ५ + ६ अकरा, म्हणजे १, मग ८, मग ६. पहिल्या चार किमतींशी काही संबंध नाही. कारण ओळीत i पण आहे, आणि i परत एकवर आलेला नाही. चक्र मानायचं असेल तर ओळीत उजवीकडे येणारी प्रत्येक गोष्ट परत त्याच जागी यायला हवी, एकटा x नाही. इथे mod 10 असल्यामुळे i चा फक्त एककाचा अंक महत्त्वाचा, आणि x शून्यावर असताना i चा एककही शून्यावर येतो तो विसाव्या फेरीला (१ ते २० ची बेरीज २१०). खरं म्हणजे हा प्रश्न त्याहून सोपा आहे: x म्हणजे १ ते ५० च्या बेरजेचा एकक. बेरीज १२७५, उत्तर ५. तेव्हा लांब लूप दिसला की दोन गोष्टी विचारा. उजवीकडे i आहे का? नसेल तर चक्र शोधा. असेल तर बेरीज, गुणाकार असं काही ओळखीचं सूत्र निघतंय का ते बघा, आणि चक्र घ्यायचंच झालं तर सगळे व्हेरिएबल परत आल्याची खात्री करून घ्या.

आणखी एक छोटी सवय. तक्ता आखण्याआधी शेवटची `Print` ची ओळ वाचा. `while` च्या प्रश्नात कधीकधी एखादा व्हेरिएबल छापला जात नाही, कंडिशनमध्ये नसतो, आणि दुसऱ्या कुणाच्या किमतीतही येत नाही. तो फक्त गोंधळ वाढवायला ठेवलेला असतो. त्याचा रकाना काढायची गरज नाही. उलट `Print` मध्ये लूपचा मोजणारा व्हेरिएबल असेल तर सावध व्हा: `while (i <= 5)` मध्ये प्रत्येक फेरीला i एकने वाढत असेल तर बाहेर पडताना तो सहा असतो, पाच नाही. पाच असता तर लूप थांबलाच नसता. माझ्या तक्त्यात कंडिशन खोटी ठरलेली शेवटची ओळही लिहायची असते ती याच कारणाने.

सरावासाठी नवे दोनशे प्रश्न गोळा करू नका. एकच प्रश्न घ्या आणि त्यातली एकेक ओळ हलवून बघा. वरच्याच पहिल्या प्रश्नात `i = i + 1` ही ओळ उचलून लूपच्या आत सर्वांत वर ठेवा आणि उत्तर काढा. मग ती परत जागेवर नेऊन फक्त `>` चं `>=` करा आणि पुन्हा काढा. कंपायलरवर चालवण्याआधी कागदावरचं उत्तर लिहा, आणि कुठल्या ओळीपासून फरक पडेल हेही लिहा. पहिल्या बदलात उत्तर ९ येतं. दुसऱ्यात १५ च राहतं, कारण या आकड्यांत a आणि b कधी समान होऊन दाराशी येतच नाहीत. मग तिसरा बदल करा, b ची ओळ a च्या ओळीच्या वर न्या. हे उत्तर तुम्हाला वरच्या पर्यायांतच सापडेल, आणि ते कुठल्या चुकीचं उत्तर होतं तेही आठवेल.